बदलत्या परिसर-तापमानातील शीतलन

तापलेली वस्तू खोलीत ठेवली की ती निवत जाते. पण ती निवत असताना खोलीचे तापमानही बदलत असेल, तर वस्तूचे तापमान कोणत्या क्षणी किती असेल हे सांगणारे पहिल्या कोटीचे अवकल समीकरण हा या नोंदीचा विषय आहे. परिसराचे तापमान स्थिर धरणारा न्यूटनचा शीतलन नियम बहुतेकांनी शाळा-महाविद्यालयात पाहिलेला असतो. ही त्याचीच विस्तारित बाजू आहे. प्रत्यक्षात खोलीचे तापमान तासन्‌तास एकाच आकड्यावर क्वचितच टिकते, त्यामुळे व्यवहारात हीच बाजू जास्त वेळा समोर येते.

न्यूटनने उष्णतेच्या मापनावरचा आपला लेख १७०१ मध्ये स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध केला. त्यात त्याने तापलेले लोखंड स्तब्ध हवेत ठेवले नव्हते, तर एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले होते. वाऱ्यामुळे लोखंडालगतची तापलेली हवा सतत निघून जाते आणि तिच्या जागी पहिल्याच तापमानाची हवा येते. म्हणजे परिसर स्थिर राहील याची तजवीज प्रयोगातच केलेली होती. ती सोय नसेल तेव्हा काय होते, ते पुढे पाहू.

समीकरण : वस्तूचे तापमान T, खोलीचे तापमान A(t) आणि शीतलनाचा स्थिरांक k मानला, तर

```
dT/dt = -k [T - A(t)]
```

वस्तू किती झपाट्याने निवेल हे त्या क्षणीच्या तापमानांतील फरकावर ठरते, एवढेच हे समीकरण सांगते. k ची किंमत वस्तूच्या पृष्ठभागातून उष्णता किती सहज बाहेर पडते आणि वस्तूत उष्णता साठवण्याची क्षमता किती आहे, यांच्या गुणोत्तरातून येते. १२ सेंमी बाजूचा, सर्व बाजूंनी हवा लागेल असा टांगलेला लोखंडी घन घेऊ. त्याचे वजन साडेतेरा किलोच्या आसपास भरते. घरातल्या शांत हवेत एका चौरस मीटरमधून प्रत्येक अंश फरकामागे साधारण १० वॉट उष्णता जाते असे धरले, तर k सुमारे ०.५ प्रतितास निघतो. त्याचा व्यस्तांक म्हणजे २ तास, आणि यालाच काल-स्थिरांक म्हणतात. पुढच्या सगळ्या उदाहरणात हाच घन वापरला आहे.

समीकरण सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंना `e^(kt)` या समाकलन गुणकाने गुणतात. मग डावी बाजू एका गुणाकाराचे अवकलज बनते आणि समाकलन सरळ होते :

```
T(t) = T(0) e^(-kt) + ∫ k e^(-k(t-s)) A(s) ds     (s = 0 ते t)
```

या उत्तराकडे जरा थांबून पाहावे. पहिले पद म्हणजे वस्तूला सुरुवातीच्या तापमानाची राहिलेली आठवण, आणि ती विरत जाते. दुसरे पद म्हणजे खोलीच्या आजवरच्या तापमानांची भारित सरासरी. अगदी आत्ताच्या तापमानाला सर्वांत जास्त भार, जुन्याला कमी, आणि हा भार घातीय रीतीने घटतो. दोन्ही पदांचे भार मिळवले तर बेरीज नेमकी १ येते. आपल्या घनाच्या बाबतीत गेल्या दोन तासांचा वाटा ६३ टक्के असतो. म्हणजे वस्तू या क्षणीच्या खोलीकडे नव्हे, तर खोलीच्या नुकत्याच सरलेल्या काळाकडे ओढली जाते. पुढचे सगळे निष्कर्ष या एका गोष्टीतून निघतात.

उतरत्या तापमानाची खोली : घन ८० अंश सेल्सिअसला तापवून ठेवला आहे. खोली त्या वेळी ३० अंशांवर आहे, पण रात्रीची हवा खेळत असल्याने ती दर तासाला २ अंशांनी उतरते. म्हणजे A(t) = 30 - 2t. वरच्या सूत्रात घालून उत्तर येते :

```
T(t) = 34 - 2t + 46 e^(-0.5t)
```

दोन तासांनी घन ४६.९ अंशांवर असतो, तर खोली २६ वर. चार तासांनी ३२.२ आणि २२. सहा तासांनी २४.३ आणि १८. आठ तासांनी १८.८ आणि १४. फरक सुरुवातीला ५० होता, मग २०.९, १०.२, ६.३ आणि ४.८ असा घटत गेला. स्थिर खोलीत तो शून्याकडे गेला असता. इथे तो ४ अंशांवर येऊन ठेपतो. घन कितीही वेळ ठेवला तरी खोलीला गाठत नाही, कारण खोली पुढे सरकत राहते. हे ४ अंश कुठून आले? खोली तासाला २ अंश उतरते आणि घनाच्या आठवणीचे सरासरी वय २ तास आहे, त्यांचा गुणाकार ४. दुसऱ्या शब्दांत, सुरुवातीची ऊब विरल्यावर घनाचे तापमान म्हणजे खोलीचे दोन तासांपूर्वीचे तापमान. k जितका लहान, म्हणजे वस्तू जितकी जड, तितकी ती जास्त मागे राहते.

k काढताना होणारी चूक : प्रयोगशाळेत k काढण्याची रूढ रीत अशी की तापमानांच्या फरकाचा लॉगरिथम काळासमोर मांडायचा, सरळ रेषा आली की तिचा उतार घ्यायचा. खोली बदलत असेल तर ही रीत फसवते, आणि ती दोन प्रकारे फसवते.

पहिला प्रकार सहज ओळखू येतो. खोलीचे तापमान सुरुवातीला एकदाच मोजून ३० धरून बसलो, तर पहिल्या दोन तासांवरून k ०.५४ येतो आणि पहिल्या चार तासांवरून ०.७८. साडेचार तासांच्या सुमारास घन ३० अंशांच्याही खाली जातो. मग फरक ऋण होतो आणि लॉगरिथमच घेता येत नाही.

दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तिथे काळजी घेऊनही चूक होते. दर वेळी खोलीचे तापमान नीट मोजले आणि त्या क्षणीच्या खऱ्या फरकाचा लॉगरिथम मांडला, तरी रेषा वाकते. वरच्या आकड्यांवरून दर दोन तासांच्या तुकड्याचा k काढला तर अनुक्रमे ०.४४, ०.३६, ०.२४ आणि ०.१३ येतो. घन तोच, हवा तीच, आणि k मात्र एक तृतीयांशाच्याही खाली घसरलेला दिसतो. याचे कारण समीकरणातच आहे. फरक D = T - A घेतला, तर

```
dD/dt = -k D - dA/dt
```

शेवटचे पद शून्य असेल तेव्हाच फरक शुद्ध घातीय रीतीने घटतो. खोली बदलत असेल तर ते पद उरते आणि रेषेला वाकवते. अशी वाकलेली रेषा दिसली की अनेकजण लगेच शीतलनाचा नियमच मोडला असे म्हणतात. तसे म्हणण्यापूर्वी खोलीच्या तापमानाची नोंद काढून पाहावी.

योग्य रीत सोपी आहे. मूळ समीकरणाचे दोन्ही बाजूंनी समाकलन केले की k म्हणजे वस्तूच्या तापमानातील एकूण घट भागिले फरकाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ. खोली कशीही बदलो, हे खरेच राहते. आठ तासांत आपला घन ६१.२ अंश उतरला. दर दोन तासांनी घेतलेल्या नोंदींवरून समलंब चौकोनांनी क्षेत्रफळ काढले, तर ते १२९.७ येते आणि k ०.४७. खरे क्षेत्रफळ १२२.३ आहे. सुरुवातीला आलेख वेगाने उतरत असल्याने विरळ नोंदींतले समलंब चौकोन त्याच्या वर राहतात, म्हणून k कमी दिसतो. त्याच नोंदी अर्ध्या तासाने घेतल्या तर k जवळजवळ ०.५० मिळतो. निदान पहिले तीन-चार तास तरी दाट नोंदी घ्याव्यात.

दिवसरात्रीची चढउतार : खोलीचे तापमान २४ तासांच्या आवर्तनात सरासरीच्या वरखाली ६ अंश हलते असे धरू. सुरुवातीची ऊब विरल्यावर वस्तूही त्याच आवर्तनाने हलते, पण तिचा झोका लहान असतो आणि उशिरा येतो. आवर्तनाची कोनीय वारंवारता ω = 2π/24 प्रतितास धरली, तर झोका `k/√(k²+ω²)` या पटीने घटतो आणि कलेतील विलंब `arctan(ω/k)` असतो. आपल्या घनासाठी ही पट ०.८९ आणि विलंब सुमारे १ तास ५० मिनिटे. म्हणजे घन ५.३ अंश वरखाली होतो. त्याऐवजी सर्व बाजूंनी हवा लागणारी, आत पाणी नीट मिसळलेले असलेली एक मीटर बाजूची घनाकार टाकी घेतली, तर k ०.०५ च्या आसपास येतो. तिचा झोका जेमतेम १.१ अंशाचा, आणि विलंब सुमारे ५ तास १७ मिनिटांचा. वस्तू कितीही जड घेतली तरी हा विलंब पाव आवर्तनाच्या, म्हणजे ६ तासांच्या, पुढे जात नाही.

आलेखावर याची एक सुरेख खूण दिसते. वस्तूचे तापमान जिथे सर्वांत वर किंवा सर्वांत खाली पोचते, नेमके तिथेच खोलीचा आलेख तिच्या आलेखाला छेदतो. त्या क्षणी dT/dt शून्य असते, म्हणून T आणि A सारखे असलेच पाहिजेत. मोजलेल्या आलेखात हा छेद शिखरापासून हटलेला असेल, तर तापमापकांपैकी एक चुकीचे दाखवत आहे, किंवा खोलीचा तापमापक वस्तूला न लागणाऱ्या हवेत टांगला आहे, असे समजावे.

मर्यादा : एका समीकरणात सगळी वस्तू बसवायची तर तिच्या आतले तापमान सगळीकडे जवळपास सारखे हवे. याची कसोटी बायो अंक ही आहे. पृष्ठभागावरून उष्णता जाण्याची सहजता आणि वस्तूच्या आत ती वाहण्याची सहजता यांची त्यात तुलना होते, आणि तो ०.१ पेक्षा कमी असावा लागतो. लोखंडी घनासाठी तो ०.००३ च्या आसपास आहे, म्हणून चिंता नाही. तेवढ्याच आकाराच्या लाकडी घनाला मात्र हे समीकरण लावू नये. त्याचे पृष्ठ निवलेले असताना गाभा गरम असतो.

k स्थिर असतो हे गृहीतकही फार मोठ्या फरकाला टिकत नाही. ड्युलाँग आणि पेती यांनी १८१७ मध्ये दाखवले की फरक मोठा असताना वस्तू न्यूटनच्या नियमापेक्षा जास्त वेगाने निवते. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते आणि तापलेल्या वस्तूभोवती हवेचे वर चढणेही जोर धरते, ही त्याची कारणे. म्हणून ८० अंशांपासूनच्या मोजणीत पहिल्या तासाभराचा k थोडा जास्त आणि शेवटचा थोडा कमी येणे स्वाभाविक आहे. मात्र खोली उतरती असेल तर लॉगरिथमची रेषाही याच दिशेने वाकते. दोन्ही कारणांची भेसळ होऊ नये म्हणून आधी क्षेत्रफळाच्या रीतीने तुकड्या-तुकड्याचा k काढावा, आणि त्यात उरलेला बदलच प्रारण व अभिसरण यांच्या नावे टाकावा.

खोली लहान आणि बंद असेल तर साडेतेरा किलोचे तापलेले लोखंड खोलीलाच तापवते. तेव्हा A(t) ही बाहेरून दिलेली गोष्ट उरत नाही. खोलीसाठी दुसरे समीकरण लिहून दोन्ही एकत्र सोडवावी लागतात.