आहारनोंदवही आणि तिच्या मर्यादा

आहारनोंदवही : एखाद्या व्यक्तीने ठरावीक दिवसांत खाल्लेल्या-प्यायलेल्या प्रत्येक पदार्थाची तिनेच त्या त्या वेळी करावयाची नोंद. पदार्थ तराजूवर तोलून लिहिले तर तिला तोलनोंद म्हणतात. वाटी, चमचा यांच्या अंदाजाने लिहिले तर अंदाजनोंद. चोवीस तासांची आठवण-मुलाखत आणि आहार-वारंवारता प्रश्नावली या तिच्या सख्ख्या बहिणी. तिन्हींत माहिती देणारा आणि मोजला जाणारा एकच असतो. आहार-अभ्यासाच्या सादरीकरणात विचारले जाणारे बहुतेक अवघड प्रश्न याच गोष्टीतून निघतात.

आठवण-मुलाखतीचा उगम नेमका कोणाकडे जातो याबद्दल एकमत नाही. १९३० च्या दशकात मातांच्या आहाराची माहिती गोळा करताना अमेरिकेतील बर्था बर्क यांनी ती वापरली असे बहुधा सांगितले जाते. त्यांचा १९४७ चा लेख मात्र मुख्यतः 'आहार-इतिहास' या अधिक लांबलचक पद्धतीवर आहे. विमान-कारखान्यातील कामगारांच्या आहारावर डोरोथी वीहल यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम छापील पुराव्याच्या दृष्टीने अधिक भक्कम वाटते. लिहून ठेवण्याची पद्धत याहून जुनी असावी.

न्यूनकथन : लोक खाल्लेले कमी सांगतात अशी शंका पूर्वीपासून होती, पण ती तपासायला बाहेरचे माप नव्हते. ते दुहेरी चिन्हांकित पाण्याने दिले. या पाण्यात ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे दोन स्थिर समस्थानिक असतात. ड्युटेरियम शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजन-१८ पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन्ही घटण्याच्या वेगांतील फरकावरून कार्बन डायऑक्साइडची निर्मिती आणि तिच्यावरून ऊर्जेचा खर्च काढता येतो. नॅथन लिफसन यांनी ही पद्धत लहान प्राण्यांसाठी विकसित केली. माणसांवर ती १९८२ पासून वापरात आली. वजन स्थिर असेल तर खर्च म्हणजेच सेवन, म्हणून नोंदवहीतील आकडा या खर्चाशी ताडून पाहता येतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात 'कमी खाऊनही वजन घटत नाही' असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींनी आपले सेवन सरासरी ४७ टक्के कमी नोंदवल्याचे आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४८४ प्रौढांवरील अमेरिकी अभ्यासात आठवण-मुलाखतीतील ऊर्जेची तूट पुरुषांत १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांत १६ ते २० टक्के होती. वारंवारता प्रश्नावलीत ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेली.

गोल्डबर्ग सीमा : हे पाणी महाग असल्याने बहुतेक अभ्यास स्वस्त चाळणीवर भागवतात. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सुचवलेल्या या चाळणीत नोंदवलेल्या ऊर्जेला मूलभूत चयापचयाने (पूर्ण विश्रांतीत जगण्यापुरत्या लागणाऱ्या ऊर्जेने) भागतात. समजा, ४५ वर्षांच्या आणि ६० किलो वजनाच्या एका स्त्रीच्या सात दिवसांच्या नोंदवहीची सरासरी रोज १,२८० किलोकॅलरी आली. स्कोफील्ड समीकरणानुसार तिचा मूलभूत चयापचय ८.१२६ गुणिले ६० अधिक ८४५.६, म्हणजे सुमारे १,३३३ किलोकॅलरी. गुणोत्तर ०.९६. बैठ्या जीवनातही हे गुणोत्तर साधारण १.५५ धरले जाते. दिवसागणिक खाण्यातील चढउतार, समीकरणाची चूक आणि हालचालींतील फरक यांची सूट दिल्यावर सात दिवसांच्या नोंदीसाठी खालची सीमा सुमारे १.०५ येते. ०.९६ त्याखाली आहे, म्हणून ही वही अविश्वसनीय ठरते. तीनच दिवसांची नोंद असती तर सीमा सुमारे १.०० वर घसरली असती. दिवस कमी केले की चाळणीची छिद्रे मोठी होतात, आणि 'आमच्याकडे न्यूनकथन फारसे आढळले नाही' या वाक्यामागे कधीकधी एवढेच असते.

येथे एक दुर्लक्षित भेद आहे. वहीतला आकडा कमी असण्याची कारणे दोन : खाल्ले पण लिहिले नाही, किंवा लिहावे लागते म्हणून खाल्लेच कमी. वरच्या स्त्रीच्या अपेक्षित खर्चात (सुमारे २,०६६) आणि नोंदीत रोज जवळजवळ ७८६ किलोकॅलरींचा फरक आहे. ती खरोखरच कमी खात असेल तर सात दिवसांत ५,५०० किलोकॅलरींची तूट होईल, म्हणजे जेमतेम पाऊण किलो चरबी. पाण्यामुळे वजन एवढे सहज वरखाली होते; त्यामुळे आठवड्याच्या दोन टोकांना केलेल्या दोन वजनांवरून एका व्यक्तीबद्दल निवाडा करू नये. गटाच्या सरासरीत मात्र ही घट दिसते. स्थूल पुरुषांवरील २००० च्या एका डच अभ्यासात तर न लिहिण्यापेक्षा कमी खाण्याचा वाटा मोठा निघाला. म्हणून 'नोंदीच्या काळात वजन घटले का?' हा सादरीकरणात विचारायचा, आणि सहसा न विचारला जाणारा, प्रश्न आहे.

चाळणीची दुसरी मर्यादा अशी की काय गाळले गेले हे ती सांगत नाही. चोवीस तासांच्या लघवीतील नत्रावरून प्रथिनांचे सेवन स्वतंत्रपणे ताडता येते. अशा तुलनांत प्रथिनांची तूट ऊर्जेच्या तुटीपेक्षा सहसा कमी दिसते. म्हणजे जेवण लिहिले जाते, पण मधले खाणे, वरून घातलेले तेल आणि साखर निसटते. प्रत्यक्ष वही पाहिली तरी हे कळते : पहिल्या दिवशी दहा-अकरा ओळी, सहाव्या दिवशी चार, आणि त्या चारही एकाच शाईत, एकाच घाईत. उत्तम सादरकर्ता सरासरीबरोबर दिवसवार नोंदींची संख्याही दाखवतो.

ही तूट सर्वांत सारखी असती तर आकडे थोडे वर सरकवून काम भागले असते. पण वजन जास्त असलेल्यांत ती जास्त असते. त्यामुळे नमुना वाढवून ती पुसली जात नाही, आणि आहार-वजन संबंध खोटा दिसू शकतो किंवा खरा संबंध झाकला जाऊ शकतो. सीमेखालच्या व्यक्ती वगळणे हा सोपा उपाय. त्यात नेमके ज्यांचा अभ्यास करायचा तेच गटातून जातात. म्हणून अशा व्यक्ती वगळून आणि न वगळता, दोन्ही रीतींनी निष्कर्ष मागावा.

मतभेद : २०१३ मध्ये आर्चर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील ६७.३ टक्के स्त्रिया आणि ५८.७ टक्के पुरुष यांचे ऊर्जा-आकडे शरीरशास्त्रीयदृष्ट्या अशक्य ठरवले आणि अशी सर्व माहिती टाकून द्यावी असा सूर लावला. सुबार आणि सहकाऱ्यांचे २०१५ मधील उत्तर असे की निरपेक्ष ऊर्जेचे माप म्हणून स्वकथन वापरू नये, पण आहाराची घडण, पदार्थांची निवड आणि गटांतील तुलना यांसाठी ते उपयोगी आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र ते मान्य करणाऱ्याने आपल्या तक्त्यातून 'रोज इतक्या किलोकॅलरी' हा रकाना काढायला हवा, आणि तो क्वचितच काढला जातो.

मोबाइलवर काढलेल्या जेवणाच्या छायाचित्रांनी ताटातल्या प्रमाणाचा अंदाज सुधारतो. पदार्थात मुरलेले तेल छायाचित्रात दिसत नाही, आणि न काढलेल्या छायाचित्राचा प्रश्न न लिहिलेल्या ओळीसारखाच राहतो.