जाहीर निरोप आणि नोटीस: एक सगळ्यांसाठी, दुसरी एकासाठी

कंपनीत पुनर्रचना ठरली की एचआरच्या टेबलावर दोन वेगळे मजकूर तयार व्हायला हवेत. एक म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांना जाणारा निरोप: काय बदलतंय, का बदलतंय आणि पुढे कधी काय होणार. दुसरी म्हणजे ज्याचं काम जाणार त्याच्या नावाने, त्याच्या हातात द्यायची नोटीस. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यांत, या दोन्हींची खिचडी होते. मग निरोप वकिली भाषेत लिहिला जातो आणि वाचून कुणाला काही कळत नाही. किंवा सगळ्यांना मेल गेला म्हणजे नोटीस दिल्यासारखंच आहे असं धरलं जातं, आणि नोटिशीचा महिना नेमका कुठल्या तारखेपासून मोजायचा यावरून भांडण उभं राहतं.

एक उदाहरण घेऊ. भोसरी आणि चाकण असे दोन कारखाने असलेली एक सुटे भाग बनवणारी कंपनी समजा. दोन्हीकडे वेगळा हिशेब विभाग आहे, मिळून चौदा क्लार्क. आता सगळा हिशेब चाकणला आणायचा आहे आणि नऊ जणांत काम भागणार आहे. म्हणजे पाच पदं जाणार.

पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘बदलत्या व्यावसायिक परिस्थितीच्या अनुषंगाने कार्यक्षमता वाढविण्यासाठी हिशेब विभागाचे सुसूत्रीकरण करण्याचे योजिले आहे. सर्वांचे सहकार्य अपेक्षित आहे.’ हे वाचून स्टोअरमधला माणूसही घाबरतो आणि हिशेबातल्या माणसाला आपलं काय होणार ते समजत नाही. त्याऐवजी सोमवारी, १ जूनला, असं लिहिता येतं:

‘भोसरी आणि चाकणचे हिशेब विभाग १ ऑगस्टपासून चाकणला एकत्र होतील. आज तिथे चौदा पदं आहेत. नव्या विभागात नऊ राहतील, असा आमचा प्रस्ताव आहे. उत्पादन, स्टोअर, डिस्पॅच आणि देखभाल या विभागांतली पदं या प्रस्तावात नाहीत. बदलाची कायदेशीर सूचना आज दोन्ही फाटकांवर लावली आहे. तिची २१ दिवसांची मुदत संपल्यावर, बुधवारी २४ जूनला, ज्यांची पदं जातात त्यांना त्यांचे विभागप्रमुख प्रत्यक्ष भेटून पत्र देतील. निवड सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून होईल. ती यादी सूचनेशेजारीच लावली आहे. तोवर चौदाही जणांचं काम आणि पगार आहे तसाच राहील.’

यात ‘प्रस्ताव’ हा शब्द मुद्दाम आहे आणि तो खराही असायला हवा. कामगारांची संख्या कमी करण्यासारख्या बदलाची २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसं होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. या मुदतीत युनियन बोलू शकते, दुसरा मार्ग सुचवू शकते. तेव्हा ‘निर्णय झालेला आहे’ असं लिहिणं एकतर खोटं असतं किंवा ती मुदत नुसता देखावा आहे याची लेखी कबुली.

तीन आठवडे चौदा माणसं टांगणीला लागतात, हे क्रूर नाही का? आहे थोडं. पण तारीख माहीत असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. तारीख दिली नाही की लोक स्वतःच ती ठरवतात. साहेबांनी कुणाला बोलावलं, कुणाची रजा नामंजूर झाली, यावरून चहाच्या टपरीवर यादी तयार होते.

निरोपात नावं घालू नयेत, आणि ‘यापुढे कपात होणार नाही’ असं वचनही देऊ नये. पुढच्या वर्षी ऑर्डर पडल्या तर तोच मेल तुमच्यासमोर ठेवला जाईल. ‘या प्रस्तावात इतर विभाग नाहीत’ एवढं म्हणणं खरं आणि पुरेसं असतं.

बातमी कुठल्या परिच्छेदात सांगता, हेही महत्त्वाचं. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन इलॉप यांनी नोकियाकडून आलेल्या कर्मचाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. फोनची धोरणं, बाजारपेठा यावर परिच्छेदामागून परिच्छेद झाल्यावर खूप खाली कळतं की साडेबारा हजार पदं जाणार. ते पत्र आजही वाईट नमुना म्हणून दाखवलं जातं. याउलट मे २०२० मध्ये एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० जणांच्या कपातीचं पत्र लिहिलं. त्यात आकडा होता, निवड कशी केली ते होतं, आणि अमेरिका-कॅनडातल्या लोकांना ते त्याच दिवशी कळेल पण इतर देशांत तिथल्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या वेळी कळेल, हेही होतं. म्हणजे सगळ्यांचा निरोप एक, पण ज्याचा त्याचा कागद वेगळा आणि त्याचं वेळापत्रकही वेगळं. जाता जाता, चेस्कींचं पत्र उचलून नाव बदलून वापरणारे महाभाग आहेत. त्यातला ‘प्रेम’ हा शब्द भोसरीत कसा वाचला जाईल याचा त्यांनी जरा विचार करावा.

आता नोटीस. तिच्यात धोरण नको, आभाराचे दोन परिच्छेदही नकोत. नाव, पद, कामावर लागल्याची तारीख, कपातीचं कारण, शेवटचा दिवस आणि पैशांचा हिशेब एवढं हवं. कामगाराची सलग एक वर्ष सेवा झाली असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांहून जास्त असलेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात. व्यवस्थापक श्रेणीतले लोक सहसा ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांच्यासाठी नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड पाहावा लागतो.

समजा एका क्लार्कचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २६,००० आहे, आणि सेवा सहा वर्षं आठ महिने. ती सात वर्षं धरली जाते. भरपाईसाठी १५ दिवस म्हणजे अर्धा महिना, १३,०००. सात वर्षांचे ९१,००० झाले. ग्रॅच्युइटीतही ‘१५ दिवस’च आहेत, पण तिथे महिना २६ दिवसांचा धरतात. म्हणून एका वर्षाचे १५,००० आणि सात वर्षांचे १,०५,०००. दोन्ही रकमा वेगळ्या आहेत आणि दोन्ही द्यायच्या आहेत. नोटिशीत त्या वेगवेगळ्या ओळींवर लिहा, नाहीतर ‘एकच पैसे दोनदा दाखवले’ किंवा ‘एक खाऊन टाकले’ असा संशय येतो. हा हिशेब सगळ्यांच्या मेलमध्ये मात्र नको. तिथे ‘कायद्याप्रमाणे भरपाई आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळी मिळेल, रक्कम प्रत्येकाच्या पत्रात असेल’ एवढं पुरे.

दोन्हींपैकी काय चुकलं ते कसं ओळखायचं? नोटीस हातात पडल्यावर माणूस ‘हे का?’ असं विचारत असेल, तर निरोप कच्चा होता. ‘किती आणि कधी?’ असं विचारत असेल, तर नोटीस अपुरी आहे.

आणि एक मेल बहुतेक कंपन्या विसरतात. पाचही पत्रं देऊन झाली की त्याच संध्याकाळी उरलेल्यांना तीन ओळी पाठवायच्या: पत्रं देऊन झाली, या प्रस्तावात आणखी कुणाला पत्र मिळणार नाही, जाणाऱ्यांचा शेवटचा दिवस ३१ जुलै. हा मेल गेला नाही तर राहिलेले नऊ जण गुरुवारी सकाळीही विभागप्रमुखाच्या दाराकडेच बघत बसतात.