उणे दिसलं म्हणून चिन्ह फिरत नाही

"असमानतेत कुठंही उणे आलं की < चं > करायचं, असंच ना?"

नाही. कोल्हापुरातल्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर आलेल्या वर्कशीटच्या फोटोतलंच गणित घ्या: 3x + 8 < -4. दोन्हीकडून 8 वजा केले की 3x < -12. आता 3 ने भागायचं. भाजक धन आहे, म्हणून चिन्ह तसंच राहतं: x < -4. फोटोतल्या मुलानं -12 बघून चिन्ह फिरवलं आणि x > -4 लिहिलं.

पडताळा सोपा आहे. मूळ गणितात x = 0 घाला: 8 < -4, हे खोटं. x = -5 घाला: -7 < -4, हे खरं. म्हणजे संख्यारेषेवर -4 वर पोकळ वर्तुळ आणि बाण डावीकडे.

चिन्ह फिरतं ते दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं तरच. 2 < 5 खरं आहे. -1 नं गुणा, -2 आणि -5 मध्ये -2 मोठा. शून्याच्या पलीकडं गेल्यावर क्रमच उलटतो. म्हणून -3x < 12 असतं तर x > -4 बरोबर ठरलं असतं.

फोटो अंधुक असेल तर < खालची रेघ आहे का, तेवढं झूम करून बघा. रेघ असेल तर वर्तुळ भरीव काढायचं.