३.१८ चा आकडा आला कुठून, आणि भागूनही एम वेगळा का वाटतो

काउंटर-स्ट्राइक म्हणजे सीएस या शूटिंग गेमवरून व्हॅलोरंटला आलेल्या कुणालाही विचारा सेन्स, म्हणजे माउसची सेन्सिटिव्हिटी, किती ठेवू, एकच उत्तर येतं, ३.१८ ने भाग. सीएसला १ असेल तर इकडे ०.३१४. लोक भागतात, प्रॅक्टिस रेंजमध्ये जातात आणि मग त्यातले बरेच जण म्हणतात की नाही यार, काहीतरी स्लो वाटतंय. गंमत अशी की आकडा बरोबर आहे आणि त्यांना जे वाटतंय तेही बरोबर आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं हे कळायला पार १९९६ पर्यंत मागे जावं लागतं.

१९९३ च्या डूममध्ये माउस चालायचा पण वर-खाली बघायची सोयच नव्हती, माउस पुढे ढकलला की माणूस पुढे चालायला लागायचा. १९९६ ला क्वेक आला, खरा थ्रीडी, आणि त्यात +mlook लावलं की माउसने वर-खालीही बघता यायचं. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९ मध्ये क्वेकचा सोर्स कोड खुला केला, म्हणून आत काय चाललंय ते आज कुणीही उघडून वाचू शकतं. आपल्या कामाच्या ओळी दोनच आहेत:

```
mouse_x *= sensitivity.value;
cl.viewangles[YAW] -= m_yaw.value * mouse_x;
```

म्हणजे माउसने पाठवलेले काउंट घ्या, सेन्सने गुणा, मग m_yaw ने गुणा, जे येईल तितके अंश मान वळवा. m_yaw ची डिफॉल्ट किंमत ०.०२२. सेन्स १ असेल तर माउसच्या एका काउंटला ०.०२२ अंश, बस. सगळं कन्व्हर्जन इथूनच सुरू होतं, कारण "सेन्स" नावाचा जो आकडा आपण एकमेकांना सांगत असतो त्याला स्वतःचं असं काही माप नाही, त्याच्यामागे हा m_yaw असतो तेव्हाच त्याला अर्थ येतो.

पुढे १९९८ चा हाफ-लाइफ क्वेकच्याच इंजिनवर बांधला गेला, त्यावर काउंटर-स्ट्राइक आलं, मग २००४ ला सोर्स इंजिन, २०१२ ला सीएस:गो, २०२३ ला सीएस२, आणि या सगळ्या वंशावळीत ०.०२२ जसाच्या तसा उतरत गेला. रिस्पॉनने एपेक्स लेजंड्स बनवला (२०१९) तोही सोर्सच बदलून, त्यामुळे तिथेही तोच. आपल्याकडे सायबर कॅफेत सीएस १.६ खेळून मोठी झालेली पोरं आज सीएस२ ला बसली तर सेन्सचा आकडा बदलायची गरजच नाही, तो तसाच चालतो.

आता आकडा चालतो म्हणजे फील तोच येतो असं नाही, कारण कॅफेतला माउस कुठला आणि त्याचा डीपीआय किती हे तेव्हा कोण बघत होतं. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला तर तो किती काउंट पाठवतो. मायक्रोसॉफ्टचे जुने गाजलेले इंटेलिमाउस ४०० चे होते, २००५ चा लॉजिटेकचा एमएक्स५१८ गेला १६०० पर्यंत, आणि नंतर तर आकड्यांची शर्यतच लागली. ४०० ला सेन्स २ आणि ८०० ला सेन्स १, दोन्हीत मान सारखीच वळते. म्हणून कुणी नुसतं "माझं १.२ आहे" म्हणालं तर त्यातून काहीच कळत नाही, सोबत डीपीआय हवा. आणि बॉक्सवर ८०० लिहिलंय म्हणजे सेन्सर बरोब्बर ८००च देतो असंही नाही, दोन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे माउस बदलला की सेम सेटिंगलाही हाताला फरक जाणवू शकतो.

मध्ये विंडोजनेही घोळ घालून ठेवला होता. एक्सपीपासून (२००१) "एनहान्स पॉइंटर प्रिसिजन" डिफॉल्ट ऑन येतं, म्हणजे माउस जोरात हलवला की कर्सर प्रमाणापेक्षा जास्त पळतो. जुने गेम कर्सर किती सरकला तेच वाचायचे, मग हे अ‍ॅक्सेलरेशन गेममध्ये शिरायचं आणि कुठलंच गणित लागू पडायचं नाही. म्हणून तो टिक काढा आणि पॉइंटर स्पीडचा स्लायडर मधल्या, सहाव्या खुणेवर ठेवा हा सल्ला रूढ झाला. रॉ इनपुट आल्यावर गेम थेट माउसचे काउंट घ्यायला लागले आणि हा प्रश्न बऱ्यापैकी मिटला.

२०२० ला व्हॅलोरंट आला तो मात्र या घराण्यातला नाही, तो अनरिअल इंजिनवर, आणि तिथे सेन्स १ ला एका काउंटमागे ०.०७ अंश. तर ०.०७ भागिले ०.०२२ किती? ३.१८१८. हाच तो आकडा, त्यात बाकी काही जादू नाही. ओव्हरवॉचमध्ये हाच अंक ०.००६६ आहे म्हणून तिकडे सीएसचा सेन्स ३.३३ ने गुणायचा.

एकदा पूर्ण करून बघू. सीएस२, ८०० डीपीआय, सेन्स १.

```
सीएस२:      800 × 1     × 0.022 = 17.6 अंश प्रति इंच
             360 ÷ 17.6   = 20.45 इंच = 51.95 सेमी
व्हॅलोरंट:  800 × 0.314 × 0.07  = 17.58 अंश प्रति इंच
             360 ÷ 17.58  = 20.47 इंच = 52.00 सेमी
```

अर्धा मिलिमीटर फरक, तोही ०.३१४२८ चे पुढचे दशांश सोडून दिल्यामुळे, हाताला कळायचा प्रश्नच नाही. खात्री करायची तर पॅडवर चिकटपट्टीने खूण करा, क्रॉसहेअर एखाद्या कोपऱ्यावर ठेवा आणि पट्टीच्या कडेने माउस हळू सरळ सरकवत पूर्ण चक्कर मारून त्याच कोपऱ्यावर या, दोन्ही गेममध्ये तितकेच सेंटिमीटर लागले पाहिजेत. एकदम दुप्पट किंवा निम्मं आलं तर माउसचं डीपीआय बटण चुकून दाबलं गेलंय. हळू फिरवलं आणि जोरात फिरवलं यात वेगवेगळं अंतर आलं तर कुठेतरी अ‍ॅक्सेलरेशन चालू राहिलंय.

इथपर्यंत सगळं चोख. मग स्लो का वाटतं? कारण ३६० अंश फिरणं हे हाताचं माप झालं, डोळा बघतो स्क्रीनवर किती पिक्सेल सरकले ते, आणि ते ठरतं एफओव्हीवर, म्हणजे स्क्रीनवर एका वेळी किती अंशांचं जग दिसतं त्यावर.

सीएसचा एफओव्ही ९० म्हणतात तो ४:३ च्या जमान्यातला ९० आहे, १६:९ वर तो आडवा १०६ पर्यंत पसरतो. व्हॅलोरंटला १०३, आणि तो बदलता येत नाही. १०६ मध्ये जग जरा लहान दिसतं, १०३ मध्ये जरा मोठं. १९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर क्रॉसहेअरजवळ एक अंश वळलात तर सीएसमध्ये चित्र साधारण १२.६ पिक्सेल सरकतं, व्हॅलोरंटमध्ये १३.३. म्हणजे सेम हात, पण स्क्रीनवर व्हॅलोरंट सहा टक्के फास्ट. मग उलटं, स्लो का वाटतं लोकांना?

कारण त्यातले कितीतरी जण सीएस ४:३ स्ट्रेच करून खेळलेले असतात. तिथे ९० अंशांचं चित्र ओढून पूर्ण १९२० मध्ये बसवलेलं, म्हणजे आडव्या दिशेला एका अंशाला जवळपास १६.८ पिक्सेल. त्यावरून व्हॅलोरंटच्या १३.३ वर आलात की आडवा वेग पाचव्या हिश्श्याने कमी झाल्यासारखा दिसतो, चक्कर मात्र तेवढ्याच ५२ सेमीत. माझ्या मते यात सेन्स वाढवायला जाऊ नये, कारण उभ्या दिशेला स्ट्रेचचा परिणाम नव्हताच, तिथे तुम्ही आधीच सहा टक्के फास्ट झालेले असता, आणि आडव्यासाठी वाढवलंत की उभं अजून हाताबाहेर जातं.

ज्याला क्रॉसहेअरजवळचा वेग जुळवायचाय त्याने एफओव्हीच्या निम्म्या कोनांच्या टॅनजंटचं गुणोत्तर घ्यायचं. स्ट्रेच न करता खेळत असाल तर १०३ साठी १.२५७, १०६ साठी १.३३३, गुणोत्तर ०.९४३, म्हणजे ०.३१४ ऐवजी ०.२९६. आता छोटी हालचाल डोळ्याला अगदी सीएससारखी दिसेल, पण चक्कर ५५ सेमीवर जाईल आणि मागे वळून बघताना कमी पडेल. सपाट स्क्रीनवर अंश आणि पिक्सेल यांचं नातं मध्यभागी वेगळं आणि कडेला वेगळं असतं, म्हणून एफओव्ही वेगळे असताना दोन गेम एकाच जागी जुळतात, सगळीकडे नाही. कुठली जागा जुळवायची ते आपण ठरवायचं, "मॉनिटर डिस्टन्स" म्हणतात ते हेच, ०% म्हणजे क्रॉसहेअर, १००% म्हणजे स्क्रीनची कड.

हा वाद सगळ्यात जास्त पेटला तो स्कोपवरून. सीएस झूममध्ये सेन्स सरळ एफओव्हीच्या प्रमाणात कमी करतं, ऑप या स्नायपर रायफलच्या पहिल्या झूमला ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४. क्रॉसहेअरजवळ जुळवायचं तर टॅनजंटने ०.३६४ पाहिजे. पूर्ण दशांश धरून ०.३६३९७ भागिले ०.४४४४४ म्हणजे ०.८१८९, आणि कॉन्फिगमध्ये लोक डोळे झाकून टाकतात तो आकडा हाच:

```
zoom_sensitivity_ratio 0.818933
```

सीएस:गोमध्ये कमांडचं नाव zoom_sensitivity_ratio_mouse होतं. पण हे फक्त ४० च्या झूमसाठी बरोबर आहे, ऑपच्या दुसऱ्या झूमला एफओव्ही १०, तिथे ०.७८७ यायला हवं होतं, आणि दोन झूमसाठी दोन वेगळे आकडे टाकायची सोयच नाही.

आणि ज्याला लोक चुकीचं म्हणतात ते डिफॉल्ट १.० सुद्धा उगाच नाहीये. ४० च्या झूममध्ये ४:३ ची कड २० अंशांवर असते, बिनझूमची ४५ वर, २० भागिले ४५ पुन्हा ०.४४४. १० च्या झूमलाही तसंच, ५ भागिले ४५. म्हणजे १.० वर जुन्या चौकोनी मॉनिटरच्या कडेला उभ्या असलेल्या माणसावर फ्लिक मारायला, म्हणजे झटकन नेम न्यायला, प्रत्येक झूममध्ये हात तेवढाच हलवावा लागतो. १६:९ वर ही जागा मध्यापासून ७५% वर येते. २०१६ च्या बॅटलफील्ड १ मध्ये युनिफॉर्म सोल्जर एमिंग नावाचं सेटिंग आहे, त्याचा कोएफिशियंट डिफॉल्टला १३३, आणि तो स्क्रीनच्या उंचीवरून मोजतात, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंदी, पुन्हा तीच ४:३ ची कड. त्यात ० टाकलं की क्रॉसहेअरवर जुळतं, १७८ टाकलं की १६:९ च्या टोकाला, आणि सीएसमध्ये एका झूमपुरतं ०.८१८९ टाकून जे करावं लागतं ते तिथे सगळ्या स्कोपना एकदम लागू होतं.