सवलत 20 टक्के, मग वसुली किती लांबते?

“वर्गणीवर 20 टक्के सूट दिली तर ग्राहक मिळवायचा खर्च वसूल व्हायला फार तर 20 टक्के जास्त वेळ लागतो.”

हिशेब वरवर पटतो, पण खर्च वसूल होतो तो किमतीतून नव्हे, दरमहा हाती उरणाऱ्या रकमेतून. जीएसटी वगळून वर्गणी महिना 500 रुपये धरा. सर्व्हर, पेमेंट गेटवे आणि ग्राहकसेवा मिळून 200 जातात, 300 उरतात. एक ग्राहक आणायला जाहिरात आणि विक्री धरून 1,800 लागले, तर वसुली 6 महिन्यांत होते.

आता वर्गणी 400 झाली. सेवेचा खर्च जवळपास तोच राहतो, म्हणून उरतात 200. वसुलीला 9 महिने, म्हणजे दीडपट वेळ.

गळती धरली की अंतर आणखी वाढतं. दरमहा 5 टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर पूर्ण किमतीत सगळ्या गटाचा खर्च सातव्या महिन्यात निघतो. सवलतीत मात्र बाराव्या.

सूट फक्त पहिले तीन महिने असेल, तर गळती सोडून वसुली 7 महिन्यांत होते. हा मार्ग बराच सुसह्य.

सवलतीमुळे ग्राहक स्वस्तात मिळतात, हेही खरं असू शकतं. पण इथे वसुली 6 महिन्यांतच व्हायची तर ग्राहक आणायचा खर्च 1,800 वरून 1,200 वर यायला हवा.

पडताळायला एकाच महिन्यात आलेले ग्राहक घ्या. छापील दर नको, बिलावर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम घ्या, सेवाखर्च वजा करा आणि बेरीज कोणत्या महिन्यात त्यांच्यावरच्या खर्चाला गाठते ते पाहा.