मंडळाचे परिपत्रक आणि शाळेचा कामतक्ता : माध्यमिक शाळांसाठी माहितीपत्रक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माध्यमिक शाळा राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कार्यक्षेत्रात येतात. दहावीच्या आवेदनपत्रांविषयीचे परिपत्रक निघाले की ते वाचून त्यातील तारखा, कामे आणि कागद यांचा एक तक्ता आम्ही शाळेला करून देतो. हा तक्ता आम्ही कसा तयार करतो आणि शाळेने तो कसा वापरावा, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

आवेदनपत्रांच्या परिपत्रकात साधारणपणे तीन वेगवेगळ्या मुदती असतात. पहिली मुदत ऑनलाइन आवेदनपत्रे भरण्याची, दुसरी शुल्क आरटीजीएस किंवा एनईएफटीने भरण्याची आणि तिसरी विद्यार्थ्यांच्या याद्या, चलन व प्री-लिस्ट विभागीय मंडळात जमा करण्याची. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर मात्र बहुधा पहिलीच तारीख लिहिली जाते, आणि शेवटच्या दिवसांतली धावपळ तिथूनच सुरू होते. आमच्या तक्त्यात या तिन्ही तारखा वेगवेगळ्या ओळींत असतात आणि प्रत्येक ओळीपुढे परिपत्रकातील मुद्द्याचा क्रमांक दिलेला असतो, म्हणजे मुख्याध्यापकांना मूळ मजकूर लगेच काढून पाहता येतो.

कामे नेमून देणे हा तक्त्यातील सर्वांत कष्टाचा भाग आहे, कारण परिपत्रकाची भाषा 'करण्यात यावे', 'खात्री करावी' अशी असते आणि शाळेत ते कोणी करायचे हे तीत सांगितलेले नसते. प्री-लिस्टचेच पाहा. तिची जनरल रजिस्टरशी पडताळणी करावी, तिच्यावर विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का असावा, एवढे सगळे एकाच सूचनेत येते. त्यातील नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख लिपिक रजिस्टर उघडून तपासू शकतात. परंतु एखाद्या मुलीने हिंदी-संस्कृत संयुक्त घेतले असताना यादीत हिंदी संपूर्ण पडले, तर ते रजिस्टर पाहून कळत नाही. ते वर्गशिक्षकांना किंवा त्या विषयाच्या शिक्षकांनाच ओळखता येते. ही चूक प्री-लिस्टवर निसटली, तर ती बहुधा प्रवेशपत्र हाती आल्यावरच दिसते आणि तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणून आम्ही 'पडताळणी' अशी एकच ओळ न लिहिता रजिस्टरमधील नोंदी लिपिकांकडे, विषय व माध्यम वर्गशिक्षकांकडे आणि पानोपानीच्या सह्या मुख्याध्यापकांकडे, अशा तीन ओळी लिहितो. विद्यार्थ्याने सही करण्यापूर्वी आपली ओळ स्वतः वाचावी, ही सूचना वर्गशिक्षकांच्या ओळीत आवर्जून दिलेली असते.

तारखा आम्ही शेवटाकडून मागे मोजतो. उदाहरणादाखल समजा, जतकडील एका शाळेला २८ तारखेला प्री-लिस्ट कोल्हापुरात जमा करायची आहे. जाण्यायेण्यात कर्मचाऱ्याचा तो अख्खा दिवस जातो, म्हणून सह्या-शिक्क्यांसह सर्व कागद २७ तारखेच्या संध्याकाळी तयार हवेत. दुरुस्तीसाठी दोन दिवस हाताशी ठेवले, तर विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या २५ तारखेपर्यंत पूर्ण झाल्या पाहिजेत. या काळात दिवाळीची सुट्टी येत असेल, तर मुले गावोगावी पांगण्यापूर्वीच स्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात आणि म्हणून रजिस्टरची पडताळणीही आधी उरकावी लागते. शाळेने ठरवलेल्या अशा तारखा तक्त्यात पेन्सिलीने आणि मंडळाच्या तारखा शाईने लिहाव्यात. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

कागदांच्या रकान्यात तीन प्रकार वेगळे दाखवलेले असतात : संगणकावर भरायचे, छापून सहीसह जमा करायचे आणि शाळेच्या दप्तरी ठेवायचे. शुल्क भरल्यावर काम संपले असे समजू नये. प्रत्येक आवेदनपत्राची स्थिती स्कूल लॉगिनमध्ये Paid दिसते की नाही, हे पाहणे ही लिपिकांच्या नावे स्वतंत्र ओळ असते. एका विद्यार्थ्याचे आवेदनपत्र यादीतून सुटले, तर भरलेली एकूण रक्कम बरोबर वाटूनही त्याचे शुल्क राहिलेले असते, म्हणून रकमेबरोबरच विद्यार्थ्यांची संख्या वर्गाच्या हजेरीपटाशी ताडून पाहावी.

मुदतवाढीचे परिपत्रक आल्यास जुना तक्ता फाडू नये. मुदतवाढ नेमकी कोणत्या कामाला आहे, नियमित शुल्काला आहे की विलंब शुल्काला, हे पाहून आम्ही तेवढीच ओळ बदलतो आणि नव्या परिपत्रकाचा दिनांक तिच्यापुढे लिहितो. ज्या ओळींचा नव्या परिपत्रकात उल्लेख नाही, त्यांची जुनीच तारीख कायम धरावी आणि शंका असल्यास विभागीय मंडळाकडे विचारणा करावी. तक्ता आणि परिपत्रक यांत फरक आढळल्यास परिपत्रकच ग्राह्य मानावे. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार आमच्याकडे नाही.

तक्ता मागवताना परिपत्रकाच्या सर्व पानांची प्रत, परिशिष्टांसह, पाठवावी. शुल्काचा तपशील आणि नमुने पुष्कळदा शेवटच्या पानांवर असतात. त्यासोबत दहावीच्या तुकड्यांची संख्या, प्रत्येक तुकडीचे माध्यम आणि शाळेच्या सुट्ट्यांची यादी द्यावी. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक किंवा स्कूल लॉगिनचा पासवर्ड आम्हांला पाठवू नये. या कामासाठी त्यांची गरज पडत नाही.