वायुमिश्रित ब्लॉकची विभाजक भिंत : ब्लॉक व चिकटद्रव्याचे परिगणन

ऑटोक्लेव्हमध्ये दाबयुक्त वाफेने पक्क्या केलेल्या सच्छिद्र ब्लॉकला बांधकामावर एएसी ब्लॉक म्हणतात. त्याच्या शोधाचे श्रेय सहसा स्वीडिश वास्तुविशारद योहान आक्सेल एरिकसन यांना, १९२०च्या दशकातील कामाबद्दल दिले जाते. ॲल्युमिनियम भुकटीने मिश्रण फुगवणे आणि चुना-वाळू वाफेने पक्की करणे या दोन्ही कल्पना त्यापूर्वीच्या असल्याने काहींना हे श्रेय वाटून द्यावेसे वाटते. तथापि दोन्हींचा मेळ घालून उत्पादनयोग्य पद्धत देण्याचा मान एरिकसन यांना देणे अधिक योग्य दिसते.

हे ब्लॉक मापात बरेच अचूक असल्यामुळे सुमारे ३ मिमीचा पातळ सांधा शक्य होतो. भिंतीच्या क्षेत्रफळाला सांध्यासह एका ब्लॉकच्या क्षेत्रफळाने भागण्याची रूढ रीत मात्र विभाजक भिंतीत अपुरी पडते. उदाहरणार्थ, ४ मी. लांब व ३ मी. उंच, बिनदाराच्या भिंतीसाठी ६०० × २०० × १०० मिमीचे ब्लॉक घेतल्यास या रीतीने ९८ नग येतात आणि ५ टक्के तूट धरून १०३. थर मांडून पाहिल्यास हिशेब वेगळा दिसतो. लांबीत सहा अखंड ब्लॉक बसून सुमारे ३८० मिमीचा तुकडा लागतो. तो एका थरात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे ठेवला की उभे सांधे साधारण २२० मिमीने सरकतात. उरलेला २२० मिमीचा तुकडा पुढील थरातील ३८० मिमीची जागा भरू शकत नाही. उंचीत, तळाच्या २० मिमी समपातळी मसाल्यावर चौदा पूर्ण थर बसतात आणि छताखाली थोडी फट राखून पंधराव्या थराला १२० मिमीच्या पट्ट्या कापाव्या लागतात. प्रत्येक थराला सात याप्रमाणे १०५ ब्लॉक लागतात. फूटतुटीसाठी आणखी दोन-तीन घेणे इष्ट.

तळाचा थर साध्या सिमेंट मसाल्यावर बसत असल्याने चिकटद्रव्य थरांमधील १४ आडव्या सांध्यांना व थरागणिक सहा उभ्या सांध्यांनाच लागते. सांधे पूर्ण भरल्यास ३ मिमी जाडीला हे आकारमान सुमारे २२ लिटर होते. लिटरमागे दीड किलो कोरी भुकटी धरल्यास ३३ किलो, म्हणजे सांडलवंडीसह ४० किलोची एक गोणी पुरावी. भुकटीचे प्रमाण उत्पादनानुसार बदलते, म्हणून गोणीवरील आकडा ग्राह्य मानावा.

सांधा ५ मिमी झाला तर गरज सुमारे ५५ किलोवर जाते आणि गोणी अकराव्या थराच्या आसपास संपते. त्याच वेळी प्रत्येक थर २ मिमीने वर चढतो, त्यामुळे शेवटची पट्टी १२० ऐवजी ९२ मिमीचीच बसते. गवंड्याला गोणी संपण्याआधीही हे ओळखता येते, कारण दहा थरांची उंची तळमसाला वगळून २०३० मिमीच्या आसपास यायला हवी. ती २०५० भरत असल्यास दोष बहुधा असमतल पहिल्या थरात किंवा ब्लॉकच्या उंचीतील फरकात असतो, कारण दोन्ही वेळा गवंडी पातळी राखण्यासाठी सांधा जाड करतो.